४९ एचपी, ४८.३ एचपी की ३६ किलोवॅट? इंजिन एकच, आकडे तीन

माळरान_सांगली
नमस्कार मंडळी. घरात पन्नास एचपीच्या गटातला ट्रॅक्टर घ्यायचं चाललंय. ऊस आहे, थोडं सोयाबीन आहे, आणि सहा फुटी रोटावेटर चालवायचाय. मॉडेल जवळपास ठरलं होतं, पण कागद घेऊन बसलो आणि डोकं चक्रावलं. ब्रोशरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ४९ एचपी. त्याच ब्रोशरच्या मागच्या पानावर बारीक टायपात ३६ किलोवॅट. एका वेबसाइटवर तेच मॉडेल, तेच २००० आरपीएम, पण ४८.३ एचपी. आणि डीलरनं टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स दिली त्यात तर ३१ किलोवॅटच आहे. वडील म्हणतात की यातला कुठलातरी एकच खरा असणार, बाकी विकण्यासाठी छापलेले. डीलरला विचारलं तर म्हणाला सगळं सारखंच असतं हो. सारखं असतं तर आकडे सारखे का नाहीत? कुणी नीट उलगडून सांगेल का, पैसे मोठे आहेत म्हणून विचारतोय.

वेगवान_विनू
सोपं आहे भाऊ. कंपनी जो मोठा आकडा छापते तो पीएस, म्हणजे ग्रॉस, नुसतं इंजिन बाहेर काढून मोजलेलं. बीएचपी म्हणजे ब्रेक हॉर्सपॉवर, सगळे लॉसेस वजा जाऊन खरा उरलेला. म्हणून ४९ चे ४८.३ झाले. गाड्यांमध्ये पण हेच, ब्रोशरला ११५ पीएस असतं आणि रिव्ह्यूमध्ये ११३ बीएचपी येतं. किलोवॅट काढायचं तर १.३४ नं भागायचं, विषय संपला.

टेस्टबेड_पिंपरी
विनू, ११५ आणि ११३ ची जोडी बरोबर दिलीस, पण कारण ते नाही. गिअरबॉक्सचं, पंख्याचं, कशाचंच नुकसान ४९ आणि ४८.३ च्या मधे नाहीये. ते दोन्ही आकडे एकाच इंजिनाच्या एकाच शाफ्टवर एकाच क्षणी मोजलेले असू शकतात. माझी नोकरी इंजिन टेस्ट सेलमध्ये गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

मुळात 'ब्रेक' म्हणजे डायनॅमोमीटर, ज्यावर इंजिनला अडवून ताकद मोजतात. पीएस पण ब्रेकवरच मोजतात आणि किलोवॅट पण. आमच्याकडं इंजिन डायनोला जोडलेलं असतं आणि डायनो दोनच गोष्टी सांगतो, टॉर्क किती आणि फेरे किती. पॉवर कुणी थेट मोजत नाही, ती गुणाकारानं येते. माळरान यांच्या इंजिनाचं धरा, २००० आरपीएमला टॉर्क १७२ न्यूटन मीटर. १७२ गुणिले २००० भागिले ९५४९, आले ३६ किलोवॅट. आता हाच टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये घेतला तर साडेसतराच्या आसपास, १७.५४. त्याला २००० नं गुणा आणि ७१६.२ नं भागा, आले ४९. आणि फूट-पौंडात घेऊन ५२५२ नं भागलं तर ४८.३. इंजिनानं काहीच वेगळं केलेलं नाही, आपण भागाकार वेगळा केला.

आता ४९ आणि ४८.३ दोघांनाही आपण एचपीच म्हणतो ही खरी अडचण. दोन हॉर्सपॉवर आहेत. एक जेम्स वॅटचा, त्यानं गिरणीचं चाक ओढणाऱ्या घोड्यावरून हिशेब केला. घोडा बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे मारतो आणि १८० पौंड जोर लावतो असं धरलं तर मिनिटाला ३२ हजार ५७२ फूट-पौंड येतात, ते त्यानं गोल करून ३३ हजार केले. सेकंदाला ५५०. नंतर युरोपात मीटर आणि किलोग्रॅम आले तेव्हा हाच आकडा तिकडच्या मापात ७६.०४ किलोग्रॅम-मीटर येत होता. असला अडनिडा आकडा कोण वापरणार, तर त्यांनी ७५ धरला. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं म्हणजे एक जर्मन पीएस, फ्रेंच लोक त्यालाच सीएच म्हणतात, इटालियन सीव्ही. तेवढा एक किलोचा फरक अजून आपल्या ब्रोशरमध्ये फिरतोय. वॅटचा घोडा ७४५.७ वॅटचा, मीटरवाला ७३५.५ वॅटचा. लहान घोड्यानं मोजलं की संख्या मोठी येणारच, दीड टक्क्याला थोडी कमी.

म्हणून किलोवॅटला १.३६ नं गुणलं की पीएस येतो आणि १.३४ नं गुणलं की ब्रिटिश एचपी. विनूनं १.३४ एकच पाठ केलाय.

माळरान_सांगली
टेस्टबेड काका, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. म्हणजे ब्रोशरवाल्यांनी एचपी लिहून पीएस छापलाय. ही फसवणूक म्हणायची का?

टेस्टबेड_पिंपरी
फसवणूक म्हणणार नाही, पण ढिलाई नक्की आहे आणि मला ती आवडत नाही. भारतात इंजिन बनवणाऱ्यांचं बरंचसं तंत्र मीटरवाल्या मापात वाढलं, त्यामुळं शॉपफ्लोअरवर एचपी म्हटलं तरी पीएसच अभिप्रेत असतो. तुमच्या ब्रोशरमध्ये ३६ किलोवॅट छापलंय ना, मग त्यांनी लपवलेलं काही नाही. मागच्या पानावरचा बारीक टाइप तोच पकडून ठेवा.

खरा घोळ वेबसाइटांवर होतो. कुणीतरी ४९ एचपी वाचतो, त्याला तो ब्रिटिश एचपी वाटतो, तो ०.७४५७ नं गुणून साडेछत्तीस किलोवॅट लिहितो. दुसरा तिथून ते साडेछत्तीस उचलतो आणि पीएसमध्ये आणतो, झाले ४९.६, आणि जाहिरातीत गोल करून ५०. दोनदा रूपांतर झालं आणि एक एचपी हवेतून आला, इंजिनाला कुणी हातही लावलेला नाही. ओळखायचं कसं, तर एकाच ओळीतला किलोवॅट आणि एचपी घ्या आणि भागून बघा. १.३६ आला तर पीएस आहे. १.३४ आला तर ब्रिटिश. मधलंच काहीतरी आलं, किंवा दोन वेबसाइटींवर किलोवॅटच वेगवेगळा दिसला, तर कुणीतरी रूपांतराचं रूपांतर केलंय, तो आकडा सोडून द्या.

द्राक्षबाग_निफाड
मला यात थोडं विचारायचंय. आमच्या विहिरीवरची मोटर ५ एचपीची आहे, प्लेटवर ३.७ किलोवॅट लिहिलंय. पण मध्ये आमच्याकडच्या वायरमननं मीटर लावून दाखवलं तर ती साडेचार किलोवॅटच्या जवळ ओढते. ५ गुणिले ०.७४६ केलं की ३.७३ येतं, मग साडेचार कुठून आलं? तुमच्या हिशेबानं ही पण दोन घोड्यांचीच भानगड का? मग तर आमचं बिलच चुकतंय.

टेस्टबेड_पिंपरी
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण विचारलात ते बरं झालं. मोटरच्या प्लेटवरचा ३.७ हा शाफ्टवर मिळणारा आकडा आहे, पंपाला जो मिळतो तो. तारेतून जे येतं त्यातलं काही मोटर गरम होण्यात जातं. शंभरातले पंच्याऐंशी शाफ्टवर पोचतात असं धरलं तर ३.७ मिळायला ४.३५ ओढावे लागतात. मोटर जुनी असेल, रिवाइंडिंग झालेलं असेल, व्होल्टेज कमी असेल तर अजून जास्त. दोन घोड्यांचा फरक तुमच्या मोटरवर जेमतेम पन्नास वॅट होतो, तो इथं कारण नाही.

द्राक्षबाग_निफाड
बरं, समजलं. रिवाइंडिंग दोनदा झालंय खरं.

श्टुटगार्टचा_पाहुणा
इकडं जर्मनीत गाडीच्या कागदावर फक्त किलोवॅट असतो, पी.२ नावाच्या रकान्यात. पीएसला इथं १९७८ पासून कायदेशीर मान्यता नाही, आणि युरोपात २०१० पासून जाहिरातीत पीएस छापायचा तर सोबत किलोवॅट ठळकपणे द्यावा लागतो. तरी ऑफिसात कुणी किलोवॅटमध्ये बोलत नाही. सहकाऱ्यानं नवी गाडी घेतली तर तो १५० पीएसच म्हणतो, कागदावर ११० असतं. माझ्या मराठी मित्राला लंडनमध्ये त्याच गाडीचे १४८ सांगितले होते आणि त्याला वाटलं की इंग्लंडचं मॉडेल कमी ताकदीचं. इंजिन तेच होतं. मला वाटतं भारतातही किलोवॅटच सक्तीचा करावा.

वेगवान_विनू
ठीक आहे, पीएसचं मान्य. पण ग्रॉस-नेट काही नसतंच असं नाही ना? अमेरिकेत १९७१ च्या कॉर्व्हेटला २७० एचपी होते आणि १९७२ ला २००. ३५० क्यूबिक इंचाचं तेच इंजिन. ते तर दीड टक्का नाही.

टेस्टबेड_पिंपरी
हे मात्र एकदम बरोबर आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिथं माप तेच राहिलं, मोजायची पद्धत बदलली. आधी एअर क्लीनर, सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर वगैरे न जोडता उघडं इंजिन डायनोवर चालवायचे, ते ग्रॉस. १९७२ पासून गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजायला लागले, ते नेट. म्हणजे एकाच इंजिनाचे आकडे वेगळे यायला दोन स्वतंत्र कारणं आहेत. एक, कुठल्या मापात लिहिलं. दुसरं, काय जोडून आणि कुठल्या हवेत मोजलं. पहिला फरक नेहमी १.४ टक्के, गणितानं शून्य करता येतो. दुसरा किती ते गणितानं निघत नाही, स्टँडर्डचं नाव वाचावं लागतं.

हवेचं पण बघा. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून आकडा दुरुस्त करायचे. आताच्या आयएसओ १५८५ मध्ये २५ अंश आणि दाब थोडा कमी, ९९ किलोपास्कल. थंड दाट हवेत इंजिन जास्त ओढतं, म्हणून तेच इंजिन जुन्या पद्धतीनं दोन-तीन टक्के जास्त दिसतं. जुन्या जर्मन गाडीची नव्या गाडीशी तुलना करताना लोक इथं चुकतात आणि दोष पीएसला देतात.

ट्रॅक्टरच्या बाबतीत रेडिएटरचा पंखा हा मोठा मुद्दा. पंखा लावून मोजलं की न लावता, यातच दीड-दोन एचपी इकडचे तिकडं होतात. म्हणजे पंखा, मापापेक्षा दुप्पट-तिप्पट गोंधळ घालतो. माळरान, ब्रोशरमध्ये ३६ किलोवॅटच्या शेजारी कुठलं स्टँडर्ड लिहिलंय का बघा.

माळरान_सांगली
बघितलं काका. नुसता एक फुलीचा तारा आहे आणि खाली 'चाचणीच्या परिस्थितीनुसार' एवढंच लिहिलंय. स्टँडर्डचं नाव नाही.

बांधावरचा_बाळू
मी सात-आठ वर्षं ट्रॅक्टर विक्रीत होतो, आता शेती करतो. सगळे ३६-३७ च्या आसपासच का रेंगाळतात ते सांगतो. १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ चे धुराचे नियम लागू झाले ते ३७ किलोवॅट आणि त्याच्या वरच्या ट्रॅक्टरांना. वर गेलं की कॉमन रेल, सेन्सर, ईसीयू, किंमत एकदम चढते आणि गावातल्या मेकॅनिकला लॅपटॉप लागतो. खाली राहिलं की जुना यांत्रिक पंप चालतो. बाजारात सगळे म्हणतात पन्नास एचपीची सीमा. पण नियमात पन्नास एचपी नाही, ३७ किलोवॅट आहे. आता टेस्टबेड काकांचे दोन घोडे लावून बघा, ३७ किलोवॅट म्हणजे ५०.३ पीएस आणि ब्रिटिश एचपीत ४९.६.

म्हणून कुणी ४९.९ एचपी लिहिलं तर ते पीएस असेल तर ३६.७ किलोवॅट होतं, म्हणजे सीमेच्या आत. तेच ब्रिटिश एचपी असते तर ३७.२ झालं असतं, म्हणजे बाहेर, आणि इंजिनच वेगळं बसवावं लागलं असतं. एका मापामुळं यांत्रिक पंप की कॉमन रेल हे ठरतं. त्यामुळं ४९.९ चा यांत्रिक पंपाचा ट्रॅक्टर दिसला की समजायचं, तो आकडा पीएसमध्येच आहे.

टेस्टबेड_पिंपरी
बाळू, हे तुम्ही फार नेमकं लिहिलंत. मान्यतेचं काम पुण्याला एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत होतं, तिथले कागद किलोवॅटमध्येच असतात, एचपीवर कुणी वाद घालत बसत नाही.

वेगवान_विनू
मग कंपन्या आधी ५२ चं इंजिन बनवून पंपाचा स्क्रू फिरवून ४९ करून विकतात हे पण खरं का? आमच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की स्क्रू सोडला की ५२ परत मिळतात.

बांधावरचा_बाळू
काही मॉडेलांत तेच ब्लॉक आहे हे खरं. पण सगळीकडं नुसता स्क्रू आहे असं मी म्हणणार नाही, काहींचा पंप, नोझल, टायमिंग पण वेगळं असतं.

टेस्टबेड_पिंपरी
स्क्रूच्या बाबतीत माझं बाळूपेक्षा थोडं वेगळं मत आहे. डिझेल वाढवलं की टॉर्क वाढतो हे खरंच, पण एक्झॉस्टचं तापमानही चढतं, आणि ते गावात कुणी मोजत नाही. सायलेन्सरमधून काळा धूर सतत येत असेल तर समजा की दिलेलं डिझेल पूर्ण जळत नाहीये. पिस्टन आणि व्हॉल्व्ह त्याची किंमत देतात. वॉरंटीचं तर सोडाच.

माळरान_सांगली
स्क्रूच्या भानगडीत मी पडणार नाही. माझा मूळ प्रश्न अजून एक राहिलाय, टेस्ट रिपोर्टमधले ३१ किलोवॅट. ३६ चे ३१ म्हणजे पाच किलोवॅट गेले, ते तर १.४ टक्क्यानं येत नाही. आणि त्याच पानावर दोन आकडे आहेत, एक साध्या हवेतला ३१ आणि एक उष्ण हवेतला २९.५.

टेस्टबेड_पिंपरी
हा रिपोर्ट मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या संस्थेचा असणार. तिथं ट्रॅक्टर अख्खा तपासतात, ताकद पीटीओ शाफ्टवर मोजतात, म्हणजे मागं जिथं तुमचा रोटावेटर लागतो तिथं. इंजिनाची ताकद गिअरमधून, हायड्रॉलिक पंपाला सांभाळत तिथवर पोचेपर्यंत शंभरातले दहा-पंधरा जातात. ३६ चे ३१ म्हणजे ८६ टक्के, माझ्या मते हे चांगलं आहे. विनू जे लॉसेस म्हणत होता ते इथं आहेत, ४९ आणि ४८.३ च्या मधे नव्हते.

दोन आकड्यांचं असं की दोन तासांची पूर्ण ताकदीची चाचणी दोनदा घेतात, एकदा साध्या हवेत आणि एकदा चाळीसच्या वरच्या तापमानात. गरम हवा विरळ असते, डिझेलही गरम होऊन पातळ होतं, म्हणून ताकद पडते. तुम्ही मे महिन्यात नांगरणीनंतर रोटावेटर घालणार असाल तर २९.५ हा तुमच्या उपयोगाचा आकडा, ४९ नाही.

सहा फुटी रोटावेटरवाल्याला विचाराल तर तो पीटीओ एचपी सांगेल. तो सांगतो ते पीएसच असतात बहुतेक. २९.५ किलोवॅट म्हणजे ४० पीएस. त्याच्या अवजाराला ४० लागतात म्हणाला तर तुम्ही अगदी काठावर आहात. काळ्या जड रानात, ओल असताना, खोली जास्त ठेवली तर आरपीएम खाली बसेल. दोनशे आरपीएमपेक्षा जास्त बसत असेल तर अवजार मोठं आहे. डेमोला तुमच्याच रानात ओढायला लावा आणि मीटरवर डोळा ठेवा.

द्राक्षबाग_निफाड
हे पीटीओचं आमच्याकडं पण लक्षात घ्यायला हवं होतं. फवारणीचा ब्लोअर घेतला तेव्हा इंजिनाचे एचपी बघून घेतला, आणि आता पंखा फुल गिअरला टाकला की ट्रॅक्टर दमतो. कुणी सांगितलंच नाही की दोन वेगळे आकडे असतात. डीलरपण बोलला नाही.

माळरान_सांगली
ताई, आमच्या डीलरनंही ३१ चा उल्लेख स्वतःहून केला नाही, झेरॉक्स मागून घेतली म्हणून दिसला. काका, डेमोचं नक्की करतो. वडिलांना मी असं सांगितलं की चार आकड्यांतले ४९, ४८.३ आणि ३६ एकच आहेत, आणि ३१ वेगळा आहे कारण तो दुसऱ्या ठिकाणी मोजलाय. ते म्हणाले मग ट्रॅक्टर घ्यायचा तो ३१ बघून. बरोबर ना?

टेस्टबेड_पिंपरी
वडिलांनी नेमकं पकडलं. दोन मॉडेलांची तुलना करताना दोघांचाही पीटीओ, दोघांचाही किलोवॅटमध्ये, आणि दोघांचीही हवा एकच घ्या. एकाचा साध्या हवेतला आणि दुसऱ्याचा उष्ण हवेतला घेतलात तर पुन्हा गोंधळ.

शेतकरी_अंबड
सगळा धागा वाचला, पण माझी अडचण अजून सुटली नाही. महाडीबीटीवर ट्रॅक्टरच्या अनुदानात गट पीटीओ एचपीवर आहेत, ४० पर्यंतचा एक आणि त्यावरचा दुसरा. माझ्या पसंतीच्या मॉडेलचा उष्ण हवेतला पीटीओ २९.५ किलोवॅटच आहे. टेस्टबेड काकांच्या हिशेबानं पीएसमध्ये धरलं तर ४०.१, म्हणजे वरच्या गटात, आणि ब्रिटिश एचपीत धरलं तर ३९.६, म्हणजे खालच्या. साध्या हवेतला ३१ धरला तर दोन्हीकडं वरचाच. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारलं तर ते म्हणाले ब्रोशर आणा. ब्रोशरवर पीटीओ नाहीच. मग गट ठरवताना कुठला आकडा धरतात?

बांधावरचा_बाळू
माझ्या वेळी कंपनी मॉडेलनिहाय यादी पाठवायची, त्यात पीटीओ एचपीचा रकाना असायचा, गट त्यावरून लागायचा. त्यात साध्या हवेतला आकडा असायचा असं माझं निरीक्षण, पण मी नियम वाचलेला नाही. कंपनीच्या विभागीय माणसाकडून मॉडेलच्या नावानं ते पत्र मागवून घ्या, अर्जाला तेच लावा.

टेस्टबेड_पिंपरी
अनुदानाच्या नियमात कुठला एचपी धरलाय ते मी सांगू शकत नाही, तो माझा प्रांत नाही. पण पत्र मागताना किलोवॅटमध्ये, आणि कुठल्या हवेतला आकडा ते लिहून मागा. नुसतं 'पीटीओ ४०' असं पत्र आलं तर तुम्ही जिथं आहात तिथंच राहाल.

शेतकरी_अंबड
ठीक. सोमवारी विभागीय ऑफिसला फोन करतो, पत्र आलं की इथंच टाकतो. अजून कुणाचा अर्ज ४० च्या आसपास अडकला असेल तर कुठल्या आकड्यावर मंजूर झाला ते लिहा.